सोसायटीच्या व्यवस्थापन समितीस खुले पत्र : लिफ्टच्या करारावर सही करण्याआधी

आदरणीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समितीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

सोमवारी सूचनाफलकावर चार ओळींची नोटीस लागली. दोन्ही लिफ्टच्या वार्षिक देखभालीसाठी तीन कोटेशने आली, त्यांतले एक मधल्या दराचे आणि 'कॉम्प्रिहेन्सिव्ह', म्हणजे सुट्या भागांसकट, असल्यामुळे ते समितीने एकमताने मंजूर केले, १ जूनपासून नवीन करार. बस्स. खाली सही आणि शिक्का. या निर्णयाला माझी हरकत आहे. ती मी जिन्यात कुजबुजण्यापेक्षा सगळ्यांसमोर मांडतो. आपल्या फोंड्यातल्या इतर सोसायट्यांतही हेच कागद याच पद्धतीने मंजूर होतात, म्हणून हे पत्र जाहीर ठेवतो आहे.

मी सहाव्या मजल्यावर राहतो. पत्नीच्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन झाले आहे. लिफ्ट बंद म्हणजे ती घरात बंद. शिवाय कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत सत्तावीस वर्षे मी मेंटेनन्समध्ये काढली. क्रेन, होइस्ट, कॉम्प्रेसर यांचे देखभालीचे करार दरवर्षी माझ्या टेबलावरून जात. लिफ्टचा मी तज्ज्ञ नाही, पण करारातली पळवाट कुठल्या ओळीत असते हे मला वासावरून कळते.

सचिवांनी तिन्ही कोटेशनांच्या झेरॉक्स, लिफ्टचे तक्रार रजिस्टर आणि गेल्या तीन वर्षांच्या बिलांची फाइल मला पाहायला दिली, त्याबद्दल त्यांचे आभार. फाइलवर धूळ होती, तेव्हा कोटेशने मंजूर करताना ती कोणी उघडली नसावी.

पहिली हरकत रिस्पॉन्स टाइमबद्दल आहे.

गेल्या जुलैत एका रात्री दहा चाळीसला पत्नी दोन नंबरच्या लिफ्टमध्ये तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली. वॉचमनने कॉल सेंटरला फोन लावला. तिकडच्या मुलीने हिंदीत आधी पिनकोड विचारला, मग ग्राहक क्रमांक, मग तक्रार क्रमांक दिला. मेकॅनिक आला बारा पंचवीसला. म्हणजे पावणेदोन तास एक बाई गुडघे धरून लिफ्टच्या फरशीवर बसून होती. दुसऱ्या दिवशी मी सध्याच्या एजन्सीला फोन करून झापले, तर उत्तर मिळाले की करारात दोन तासांचा रिस्पॉन्स आहे, आम्ही वेळ पाळली. आणि ते खरे होते! करार काढून पाहिला. 'दोन तासांत प्रतिसाद' एवढेच लिहिले होते. माणूस अडकलेला असो की तिसऱ्या मजल्याचे बटण लागत नसो, दोन्हीला दोन तास.

त्याच महिन्यात त्याच लिफ्टच्या कंट्रोलरचे, म्हणजे ती चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पॅनलचे, मुख्य कार्ड गेले. मेकॅनिक पन्नास मिनिटांत हजर. वर मशीन रूममध्ये गेला, खाली आला, म्हणाला, "कार्ड गेलां," रजिस्टरवर सही केली आणि गेला. कार्ड दुरुस्तीला मुंबईला पाठवले. लिफ्ट एकोणीस दिवस बंद होती. करारानुसार ही तक्रारसुद्धा 'वेळेत प्रतिसाद' म्हणूनच मोजली जाते.

मी रजिस्टर ओळीओळीने मोजले. गेल्या जूनपासून एप्रिलअखेर ३४ तक्रारी आहेत. त्यांतल्या २९ ला मेकॅनिक दोन तासांत आला. पण त्याच दिवशी लिफ्ट चालू झाली अशा तक्रारी फक्त २२. म्हणजे आपण आजवर मोजत आलो माणूस येण्याची वेळ. आपल्याला हवी होती लिफ्ट चालू होण्याची. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्ही कोटेशनांत फक्त पहिलीच लिहिली आहे. लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीने दीड तास लिहिला आहे, फोंड्यातल्या एजन्सीने एक तास, आणि तुम्ही मंजूर केलेल्या मधल्या कंपनीने 'कमीत कमी वेळेत'. कमीत कमी म्हणजे किती? माझा नातू गृहपाठाबद्दल असेच सांगतो.

मी या मधल्या कंपनीच्या पणजीच्या ऑफिसात जाऊन आलो. माणसे सभ्य आहेत, चहा दिला. रात्री आठनंतर कॉल कोण घेते, असे विचारले. एक मेकॅनिक असतो, तो म्हापशाला राहतो. म्हणजे रात्री अकराला इथे कोणी अडकले, तर तो म्हापशाहून निघणार, मांडवी ओलांडणार, बाणस्तारीवरून फोंड्याला येणार. पावसात, मोटरसायकलवरून. त्याच रात्री पर्वरीला किंवा ताळगावला कोणी अडकलेले नसेल, तर. आणि आठनंतरच्या कॉलला वेगळा चार्ज आहे. ती ओळ कोटेशनच्या मागच्या पानावर आहे, आणि तुमच्या फाइलमध्ये मागच्या पानाची झेरॉक्स नव्हतीच. ती मला त्यांच्याच ऑफिसात मिळाली.

अडकलेल्या माणसाची गोष्ट निघालीच आहे, तर आणखी एक. वॉचमनच्या केबिनमध्ये दारे उघडायची त्रिकोणी चावी खिळ्याला टांगलेली आहे. ती आजच काढा. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये असताना बाहेरचे दार उघडून माणसाला खाली उडी मारायला लावणे, हा अडकून बसण्यापेक्षा कितीतरी मोठा धोका आहे, कारण लिफ्टच्या तळाखाली मोकळा खड्डा असतो आणि पाय घसरला की माणूस थेट त्यात जातो. लिफ्टमध्ये हवा खेळती असते. दार बंद ठेवून आत बसलेला माणूस सुरक्षित असतो. सोडवायचे कसे, याचे प्रशिक्षण एजन्सीने आपल्या दोन माणसांना द्यावे आणि चावी फक्त त्यांच्याकडे राहावी. जुलैतल्या त्या रात्री आपलाच एक उत्साही शेजारी चावी घेऊन वर आला होता. मीच त्याला अडवले. त्याला अजून राग आहे.

बॅटरीवर चालणारी एआरडी आहे ना, मग माणूस अडकतोच कसा, असे खजिनदारांनी विचारले होते. एआरडी लाइट गेल्यावर लिफ्टला जवळच्या मजल्यावर नेते, तेही बॅटऱ्या ठीक असतील तर. लिफ्टमध्येच बिघाड झाला आणि सुरक्षेचे सर्किट तुटले, तर एआरडी ती हलवणार नाही आणि हलवूही नये. त्या रात्री लाइट होती.

दुसरी हरकत पैशांची, आणि ती जरा सविस्तर मांडतो, कारण तुमचा निर्णय पैशांवरच झाला आहे.

तीन कोटेशने अशी आहेत. लिफ्ट बसवणारी कंपनी एका लिफ्टचे वर्षाला ८०,००० मागते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. दोन लिफ्टचे मिळून १,८८,८०० रुपये. मधली कंपनी ५४,००० अधिक जीएसटी, दोन्हीचे १,२७,४४०. फोंड्यातली एजन्सी ३०,००० अधिक जीएसटी, दोन्हीचे ७०,८००, पण तिच्या करारात फक्त सर्व्हिसिंग आणि मजुरी, सुटे भाग वेगळे. पहिली दोन स्वतःला कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणवतात, म्हणजे भागांसकट. तुम्ही विचार केलात तो मला समजतो. पहिली महाग, तिसरीत भागांचा खर्च डोक्यावर, म्हणून मधली.

पण 'भागांसकट' म्हणजे कुठले भाग? मधल्या कंपनीच्या कागदावर वगळलेल्या भागांची यादी आहे: कंट्रोलरची सर्व कार्डे, ड्राइव्ह, दार चालवणारी मोटर आणि तिचे कार्ड, एआरडीच्या बॅटऱ्या, दोर. म्हणजे लिफ्टमधले जे जे महाग, ते ते बाहेर. आत काय उरले? बटणे, दाराचा सेन्सर, लॉकचे कॉन्टॅक्ट, गाइड शूची लायनिंग, तेल, ग्रीस.

आता आपल्या बिलांच्या फाइलकडे या. सध्याचा करारही बिनभागांचा असल्यामुळे तीन वर्षांत भागांवर नेमके किती गेले, हे तिच्यात स्वच्छ दिसते. बॅटऱ्यांचे संच दोनदा, २२,०००. मुख्य कार्ड ४२,०००. ड्राइव्हची दुरुस्ती ३६,०००. दाराच्या मोटरचे कार्ड १८,५००. दाराचा सेन्सर १२,५००. किरकोळ भाग मिळून २७,०००. एकूण १,५८,००० रुपये, कर धरून. वर्षाला साधारण ५२,७००.

यातले मधल्या कंपनीने स्वतः भरले असते ते कोणते? फक्त सेन्सर आणि किरकोळ, म्हणजे तीन वर्षांत ३९,५००, वर्षाला तेरा हजारांच्या आसपास. आणि फोंड्याच्या एजन्सीपेक्षा ती वर्षाला ५६,६४० जास्त घेते. तेरा हजारांचे भाग मिळवण्यासाठी आपण साडेछप्पन हजार देणार. कॉम्प्रिहेन्सिव्ह या एका शब्दाची ही किंमत आहे.

मागच्या तीन वर्षांसारखीच पुढची गेली असे धरून वर्षाचा पूर्ण खर्च काढला, तर फोंड्याची एजन्सी भागांसकट सुमारे १ लाख २३ हजारांत पडते, मधली १ लाख ६७ हजारांत आणि बसवणारी कंपनी १ लाख ९६ हजारांत. तिच्या करारात बॅटऱ्या सोडून बाकी सगळे आहे.

इथे कोणी म्हणेल, मागची तीन वर्षे नशिबाची होती. बरोबर आहे. आपल्या लिफ्ट अकरा वर्षांच्या झाल्या आणि दोर अजून मूळचेच आहेत. मशीन रूममध्ये पुलीखाली आणि दोरांवर गंजाच्या रंगाची बारीक भुकटी दिसते. आतून दोर घासत असल्याचे ते लक्षण. दोरातल्या तुटलेल्या तारा मोजून आणि जाडी मापून, बदलायचे कधी हे ठरवावे लागते. गेल्या वर्षी मागवलेले नव्या दोरांचे कोटेशन फाइलमध्ये आहे, एका लिफ्टला ७०,०००. येत्या तीन वर्षांत दोन्हींचे बदलावे लागले तर १,४०,०००, म्हणजे वर्षाला सुमारे ४६,७००. ते धरल्यावर फोंड्याची एजन्सी १ लाख ७० हजारांवर जाते. बसवणाऱ्या कंपनीत दोर करारातच आहेत, तेव्हा तिचे १ लाख ९६ हजारच राहतात. आणि मधली? तिने दोर वगळले आहेत, म्हणून ती २ लाख १३ हजारांच्या पुढे जाते. तुम्ही मधली म्हणून निवडलेली ऑफर अशा वेळी तिघांत सगळ्यांत महाग ठरते.

माझ्या हिशोबाला मर्यादा आहे, ती लपवत नाही. मशीनची मोटर जळली किंवा पुलीच्या खाचा घासून ती बदलावी लागली, तर बसवणाऱ्या कंपनीचा करार स्वस्त वाटू लागेल. पण त्या धोक्याला मधली कंपनी उत्तर नाही. तिची यादी पाहता तो खर्चही आपल्याच माथी येणार.

शिवाय तिच्या कागदावर अजून एक वाक्य आहे: 'करार सुरू होण्यापूर्वी आवश्यक दुरुस्त्या ग्राहकाच्या खर्चाने.' आकडा नाही. तो सही झाल्यानंतर, पाहणी करून सांगणार. कारखान्यात असे कोटेशन माझ्या साहेबांनी मी वाचायच्या आत परत पाठवले असते.

तिसरी हरकत 'पाणी आणि व्होल्टेज' या दोन शब्दांना आहे. मधल्या कंपनीच्या करारात पाणी, ओलावा, वीज पडणे आणि व्होल्टेजची चढउतार यांमुळे झालेले नुकसान वगळले आहे. बसवणाऱ्या कंपनीचीही अशीच ओळ आहे, थोडी सौम्य. सातारच्या एखाद्या माळावर ही ओळ चालून जाईल. गोव्यात जून ते सप्टेंबर लिफ्टचे निम्मे बिघाड या दोन शब्दांत बसवता येतात. कार्ड गेले की मेकॅनिक सांगणार, व्होल्टेज. ते खरे की खोटे, हे आपल्यापैकी कोण सिद्ध करणार?

इथे चूक आपलीही आहे. एक नंबरच्या लिफ्टच्या खालच्या पिटमध्ये दर पावसाळ्यात घोटाभर पाणी साठते, बफर गंजले आहेत. पिटला वॉटरप्रूफिंग करणे आणि लहान पंप बसवणे हे सोसायटीचे काम आहे, कुठल्याही एजन्सीचे नव्हे. मे महिना अजून हातात आहे. अर्थिंग मोजून घ्या, लिफ्टच्या पॅनलला सर्ज प्रोटेक्शन बसवा आणि त्याचे कागद फाइलला लावा. मग 'व्होल्टेज' म्हणणाऱ्याला दाखवायला आपल्याकडे काहीतरी असेल. करारात एवढे घालून घ्या की बिघाड व्होल्टेजचा म्हणायचा असेल तर एजन्सीने लेखी कारण द्यावे आणि काढलेला जुना भाग सोसायटीकडे जमा करावा. जुना भाग जमा करायची अट घातली की भाग जळण्याचे प्रमाण कमी होते, हा माझा कारखान्यातला अनुभव. कारण तुम्हीच ताडा.

चौथी हरकत लहान वाटेल, पण माझी झोप तिनेच उडवली आहे.

रजिस्टरातल्या ३४ तक्रारींपैकी १९ दारांच्या आहेत. यात नवल नाही. लिफ्टचे दार दिवसभरात शेकडो वेळा उघडते-मिटते, उंबऱ्याच्या खाचेत वाळू आणि कचरा साचतो, आणि पावसाळी दमट हवेत दाराच्या लॉकचे कॉन्टॅक्ट काळे पडतात. आपल्याकडे पार्किंग धरून प्रत्येक लिफ्टला सात बाहेरची दारे. या सातही लॉकचे कॉन्टॅक्ट एका माळेत जोडलेले असतात. एकाने जरी नीट संपर्क दिला नाही, तर लिफ्ट जागची हलत नाही. सुरक्षेसाठी ती रचना तशीच असते.

भागाचे पैसे कोण देणार यावर वाद असला किंवा भाग जवळ नसला, की काही मेकॅनिक काय करतात? त्या कॉन्टॅक्टला तार जोडून तो शॉर्ट करतात. लिफ्ट लगेच चालू. रहिवासी खूश, रजिस्टरवर 'चालू केली' अशी सही. पण आता त्या मजल्याचे दार उघडे असतानाही लिफ्ट सुटू शकते. गेल्या ऑक्टोबरात पाचव्या मजल्यावर दार बोटभर उघडे असताना लिफ्ट खाली गेलेली मी डोळ्यांनी पाहिली. तेव्हाच्या तेव्हा मेन स्विच बंद करून मेकॅनिकला बोलावले, तार निघाली. तो म्हणाला, कॉन्टॅक्ट मागवला होता, आला नाही. चारशे-पाचशे रुपयांचा भाग!

म्हणून कॉन्टॅक्ट, दाराचे रोलर, सेन्सर, बटणे, फ्यूज यांचा एक लहान साठा आपल्या मीटर रूममध्येच कुलूपबंद ठेवावा आणि त्याची यादी कराराला जोडावी, असे मी म्हणतो. फोंड्याच्या एजन्सीच्या मालकाला मी हे विचारले. तो तयार आहे. लॉकचा कॉन्टॅक्ट कधीही शॉर्ट करणार नाही, असे लेखी द्यायलाही तो तयार झाला, जरा कान खाजवत.

त्याच्याबद्दल माझे मत चांगले आहे, पण आंधळे नाही. तो बेतोड्याला राहतो, रात्री पंधरा-वीस मिनिटांत येऊ शकतो. पण माणसे दोनच. चवथीला दोघेही गावी जातात, हे त्यानेच कबूल केले. त्या पाच दिवसांत घराघरांत पाहुणे, लिफ्टवर सगळ्यांत जास्त भार, आणि मेकॅनिक 'फाल्यां येतां' म्हणणार. सुट्टीत पर्यायी माणूस कोण, त्याचे नाव आणि फोन त्याने लेखी द्यायला हवा. नाही दिला, तर त्याचे स्वस्त कोटेशनही नको.

पाचवी हरकत कंट्रोलरची आहे, आणि तिचे उत्तर अजून कोणाकडूनच मिळालेले नाही. आपले दोन्ही कंट्रोलर बसवणाऱ्या कंपनीचे स्वतःचे आहेत. त्यांतल्या सेटिंगला हात लावायला त्या कंपनीचे यंत्र किंवा पासवर्ड लागतो, आणि मुख्य कार्ड बाजारात सहज मिळत नाही. जुलैतल्या एकोणीस दिवसांचे खरे कारण हेच. फोंड्याच्या एजन्सीला आणि मधल्या कंपनीला एकच प्रश्न विचारायचा: मुख्य कार्ड गेले तर ते कुठून आणणार, नवीन की दुरुस्त केलेले, किती दिवसांत, किती रुपयांत, आणि त्यावर किती महिन्यांची हमी? बसवणाऱ्या कंपनीलाही विचारायचे, कारण कार्ड तिचे असले तरी किती दिवसांत देणार हे तिने कुठेही लिहिलेले नाही. मी स्वतः फोन केला तेव्हा 'उपलब्धतेनुसार' असे उत्तर मिळाले. तिघांपैकी ज्याचे उत्तर सगळ्यांत नेमके, त्याच्याकडे माझा कल जाईल, मग तो कोणीही असो. कोणाचेच नेमके नसेल, तर एक वापरलेले, तपासलेले कार्ड सोसायटीने स्वतः घेऊन ठेवावे, की पुढच्या मोठ्या बिघाडाच्या वेळी बाजारात सगळीकडे मिळणारा कंट्रोलर बसवावा, यावर सर्वसाधारण सभेत बोलू.

पैसे देण्याच्या अटीबद्दल थोडक्यात. मधली कंपनी वर्षाचे सगळे पैसे आगाऊ मागते, तीन वर्षांचे बंधन घालते आणि दरवर्षी १० टक्के वाढ. म्हणजे आजचे ५४,००० तिसऱ्या वर्षी ६५,३४० होतात, आणि मध्येच सोडले तर दंड आपल्याला. लिफ्ट बंद राहिली तर त्या दिवसांचे पैसे परत, असे एक कलम आहे खरे. हिशोब केला: करासकट एका लिफ्टचे ६३,७२० भागिले ३६५, दिवसाला १७५ रुपये. जुलैतल्या एकोणीस दिवसांचे ३,३०० रुपयेच झाले असते. एवढ्यासाठी कोणी कार्ड विमानाने मागवणार नाही.

तर माझ्या मागण्या अशा आहेत.

१. मधल्या कंपनीच्या करारावर सही करू नये. सध्याच्या एजन्सीकडून एका महिन्याची मुदतवाढ घ्यावी.

२. तिन्ही कंपन्यांना एकाच कोऱ्या तक्त्यावर उत्तरे मागावीत: माणूस अडकल्यास किती मिनिटांत येणार, इतर बिघाडाला किती तासांत, लिफ्ट किती वेळात चालू करणार, भाग लागला तर आणि न लागला तर, वेळ फोन केल्यापासून मोजणार की तक्रार क्रमांकापासून, रात्री, रविवारी आणि चवथीला कोण येणार. 'कमीत कमी', 'उपलब्धतेनुसार' ही उत्तरे कोरी धरावीत.

३. वगळलेल्या प्रत्येक भागाची आजची किंमत कराराला जोडावी, वर्षभर तीच राहील. आपल्या तीन वर्षांच्या बिलांवर तिन्ही ऑफर लावून निघालेला खर्च सभासदांना दाखवावा. मी काढलेला हिशोब सोबत जोडला आहे, चुकला असेल तर दुरुस्त करा.

४. पैसे तिमाही, आणि तिमाही संपल्यावर. तीन दिवसांपेक्षा जास्त लिफ्ट बंद राहिली, तर त्या तिमाहीच्या बिलातून ठरलेली भरीव रक्कम कापावी. तीस दिवसांच्या नोटिशीवर, दंडाशिवाय करार सोडता यावा, आणि सोडताना सेटिंगची नोंद व पासवर्ड सोसायटीला मिळावेत.

५. मासिक सर्व्हिसिंगला आलेला मेकॅनिक खाली केबिनमध्ये सही करून जातो, हे बंद करावे. मशीन रूमची चावी वॉचमनने वेळ लिहून द्यावी आणि वेळ लिहून परत घ्यावी. मार्चमध्ये दोन लिफ्टचे सर्व्हिसिंग अकरा मिनिटांत झाले आहे. एवढ्यात सातव्या दाराचा उंबराही साफ होत नाही.

फोंड्याच्या एजन्सीचा मालक माझा नातेवाईक नाही आणि मला त्याच्याकडून काही नको, हे आधीच सांगून ठेवतो, कारण कोणीतरी विचारणारच. समितीने फुकट राबून वेळ दिला आहे, याचीही मला जाणीव आहे. मी तुमच्या जागी असतो तर कदाचित मीही तीन आकडे पाहून मधला निवडला असता आणि घरी जाऊन जेवलो असतो.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी रजिस्टर, बिलांची फाइल आणि तिन्ही कोटेशने, मागच्या पानांसकट, घेऊन पार्किंगमध्ये टेबल टाकून बसणार आहे. समितीने यावे. बाकी कोणाला पाहायचे असेल त्यानेही यावे. वर बोलावले असते, पण दोन नंबरची लिफ्ट कालपासून बंद आहे.

आपला,
सहाव्या मजल्यावरचा एक सभासद
फोंडा, गोवा